किटलीवरच्या रेघा: ब्लेंडरमध्ये ग्रीस पेन्सिलच्या प्रकल्प नोंदी

6 जानेवारी 2025

सुरुवात. शॉट फक्त चार सेकंदांचा आहे, 24 च्या स्पीडने 96 फ्रेम. टेबलावर एक किटली, मागे भिंत, किटलीच्या तोटीतून वाफ आणि कॅमेरा किटलीभोवती साठ अंशांची हळू चक्कर मारतो, बास. किटली, टेबल, भिंत हे सगळं साधं मेश आहे, सपाट रंगाचं, आणि त्याच्यावरच्या रेघा मात्र मला हाताने काढायच्यात, पेन टॅबलेटवर, म्हणजे बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की वहीतलं चित्र आहे आणि मग कॅमेरा फिरला की दचकलं पाहिजे.

ब्लेंडर 4.2 एलटीएस वापरतेय. ग्रीस पेन्सिल म्हणजे त्यातलं थ्रीडी सीनमध्ये हाताने रेघा काढायचं साधन, 4.3 मध्ये ते आतून पूर्ण नव्याने लिहिलंय, काही गोष्टींच्या जागा बदलल्यात, आणि अर्ध्या प्रोजेक्टमध्ये तो डोंगर मला चढायचा नाही.

आज ग्रीस पेन्सिलचं ब्लँक ऑब्जेक्ट टाकलं, ड्रॉ मोडमध्ये गेले, कॅमेऱ्याच्या नजरेतून किटलीवर मस्त वीस-पंचवीस रेघा मारल्या. कड, झाकणाचा गोल, तोटीचा सांधा, पोटावरचा एक पोचा. इतकं छान दिसत होतं की स्क्रीनशॉट पण काढला. मग व्ह्यू फिरवला आणि सगळं काचेवर काढल्यासारखं एका सपाट पडद्यावर, तो पडदा किटलीच्या बरोबर मधून आरपार गेलेला, अर्ध्या रेघा किटलीच्या पोटात.

कारण साधं आहे, मीच वर बघितलं नाही. ड्रॉ मोडच्या हेडरमध्ये दोन ड्रॉपडाउन आहेत आणि ते दोन वेगळे प्रश्न विचारतात. पहिलं Stroke Placement, म्हणजे रेघ किती खोलवर ठेवायची. दुसरं Drawing Plane, म्हणजे कागद कुठल्या दिशेला तोंड करून धरायचा. मूळ सेटिंगमध्ये पहिल्यात `Origin` आणि दुसऱ्यात `View` असतं, त्यामुळे कागद ऑब्जेक्टच्या ओरिजिनमधून जातो आणि आपल्याकडे तोंड करून उभा राहतो. आपण स्क्रीनवर काढतो ते दोन मितीत, तिसरी मिती ब्लेंडर या दोन उत्तरांवरून ठरवतं. हे डोक्यात बसलं की निम्मा त्रास संपतो. (माझा उरलेला निम्मा पुढे आहे.)

स्क्रीनशॉट ठेवलाय, रेघा सगळ्या उडवल्या.

7 जानेवारी

Stroke Placement आता `Surface`. यात पेनखाली जे मेश दिसतंय त्याच्यावर रेघ चिकटते, त्यामुळे कागद कुठल्या दिशेला हा प्रश्नच उरत नाही.

चिकटते म्हणजे, चिकटायला हवी. माझ्या रेघा किटलीपासून भल्यामोठ्या अंतरावर हवेत तरंगत होत्या, किटलीभोवती पिंजरा केल्यासारख्या. त्याच मेनूत Offset नावाचा आकडा आहे, तो मुळात 0.15 असतो. रेघ मेशमध्ये बुडू नये म्हणून ब्लेंडर ती पृष्ठभागापासून तेवढी वर उचलतं. आता माझी किटली खऱ्या मापाची आहे, उंची 20 सेंटिमीटर, आणि 0.15 म्हणजे 15 सेंटिमीटर. मोठ्या सीनमध्ये हे कळतही नसेल, किटलीला मात्र जीवघेणं. 0.002 केलं, म्हणजे 2 मिलिमीटर. शून्य करून पण बघितलं, तेव्हा रेघ जागोजागी तुटक दिसते कारण ती आणि मेश एकाच जागेसाठी भांडतात.

जाडीचंही तसंच निघालं. वर्ल्ड स्पेसमध्ये ब्रशच्या जाडीचा आकडा म्हणजे साधारण तेवढे मिलिमीटर, ऑब्जेक्टचा स्केल 1 असेल तर. 20 ठेवलं तर 2 सेंटिमीटर रुंद पट्टा, 20 सेंटिमीटरच्या किटलीवर म्हणजे रेघ नाही, इन्सुलेशन टेप. आता 4 वर आहे. आणि ग्रीस पेन्सिलच्या ऑब्जेक्टचा स्केल अर्धा केला की जाडी पण अर्धी होते, म्हणून स्केलला हात लावायचा नाही असं ठरवलंय.

8 जानेवारी

आज टेस्ट रेंडर काढला आणि कालच्या रेघा परत बिघडलेल्या. व्ह्यूपोर्टमध्ये व्यवस्थित, रेंडरमध्ये किटलीच्या मानेजवळच्या रेघा अर्ध्या गायब आणि पोटावरच्या थोड्या हवेत. तासभर Offset वर संशय घेतला, विनाकारण.

गुन्हेगार सबडिव्हिजन मॉडिफायर. त्यात व्ह्यूपोर्टसाठी एक लेव्हल असते आणि रेंडरसाठी वेगळी, माझ्याकडे 1 आणि 3 होती. म्हणजे मी रेघा काढल्या लेव्हल 1 च्या किटलीवर आणि रेंडर झाली लेव्हल 3 ची किटली, जी जराशी वेगळ्या आकाराची असते. लेव्हल बदलली की पृष्ठभाग कुठे किंचित आत जातो, तिथल्या रेघा तरंगतात, आणि कुठे किंचित बाहेर येतो, तिथल्या बुडतात. 2 मिलिमीटरचा ऑफसेट तिथे काय पुरणार.

दोन्ही लेव्हल 3 केल्या आणि मानेच्या रेघा परत काढल्या. नियम स्वतःसाठी: ज्या मेशवर रेघ काढणार ते मेश रेंडरमध्ये जसं असेल अगदी तसंच आधी समोर आणायचं, मगच पेन उचलायचं. काढलेली रेघ मेशला बांधलेली नसते, तिने फक्त त्या क्षणी तिथली जागा विचारून घेतलेली असते. नंतर मेश बदललं तर तिला पत्ताच नसतो.

10 जानेवारी

शेपट्या!

हँडलची रेघ काढताना हात जरा झपकन जातो आणि रेघेचं टोक हँडलच्या बाहेर निसटतं, दोन-चार पिक्सेल फक्त. कॅमेऱ्यातून बघितलं तर ते झकास दिसतं, हाताच्या रेघेला असं टोक असावंच लागतं. पण कॅमेरा फ्रेम 30 च्या पुढे गेला की त्या टोकातून एक लांबच लांब तार निघते आणि मागच्या भिंतीला जाऊन चिकटते. पाच-सहा रेघांना अशा शेपट्या, किटली नाही तर पतंग वाटावा.

कारण उघड आहे, पेन हँडलवरून खाली घसरला त्या पिक्सेलखाली जे मेश आहे ते म्हणजे भिंत, साठ सेंटिमीटर मागे. Surface ला हँडल काय आणि भिंत काय सारखंच, पेनखाली जे दिसेल ते पकड. एका बिंदूला हँडलची खोली, पुढच्याला भिंतीची, आणि मधे सरळ तार.

याची गंमत अशी की पेनखाली काहीच मेश नसेल तर ब्लेंडर बऱ्यापैकी शहाण्यासारखं वागतं, त्याच रेघेच्या शेजारच्या बिंदूंवरून खोलीचा अंदाज करतं आणि टोक हँडलच्या जवळच राहतं. म्हणजे अडचण मागे काहीतरी आहे हीच. म्हणून आता काढायच्या आधी किटली आणि रेघांचं ऑब्जेक्ट दोन्ही निवडायची आणि नंबरपॅडवरची `/` दाबून लोकल व्ह्यूत जायचं, भिंत आणि टेबल दिसेनासे होतात. दोन्ही निवडायला विसरलं तर रेघा पण गायब होतात आणि मग आपण घाबरतो, हे एकदा करून झालंय.

हँडल आणि किटलीचं पोट मात्र एकच ऑब्जेक्ट आहे, तिथे लोकल व्ह्यू उपयोगाचा नाही, हँडलवरून निसटलं की पोटावर जातं. हँडल वेगळं ऑब्जेक्ट केलं, एडिट मोडमध्ये `P`. हे मॉडेलिंग करतानाच करायला हवं होतं.

आधीच्या शेपट्या शोधायला डोळे कमी पडले, कारण कॅमेऱ्याच्या समोरून त्या दिसतच नाहीत. म्हणून छोटी स्क्रिप्ट. किटलीच्या ओरिजिनपासून 30 सेंटिमीटरपेक्षा लांब असलेला प्रत्येक बिंदू निवडते, मग एडिट मोडमध्ये जाऊन बघून डिलीट करायचे.

```python
import bpy
gp = bpy.data.objects["kitli_regha"]
k = bpy.data.objects["kitli"].matrix_world.translation
for l in gp.data.layers:
    for f in l.frames:
        for s in f.strokes:
            for p in s.points:
                w = gp.matrix_world @ p.co
                p.select = (w - k).length > 0.3
```

हे 4.2 चं आहे, 4.3 पासून रेघा फ्रेमच्या आत `drawing` मध्ये गेल्यात, तिथे असंच्या असं चालणार नाही. माझ्याकडे 41 बिंदू सापडले, त्यातले मला डोळ्यांनी फक्त नऊ दिसले होते.

11 जानेवारी

छोटी नोंद. किटलीच्या मागच्या बाजूला काढलेल्या रेघा पुढून दिसत होत्या आणि फिरवलं की कधी पुढच्याच गायब. ऑब्जेक्ट डेटात Stroke Depth Order आहे, ते `2D Layers` वर होतं. त्यात रेघांची खरी खोली बघितली जात नाही, लेयरच्या क्रमाने एकावर एक काढल्या जातात. सपाट कार्टूनसाठी ते बरोबर आहे, पण गोल वस्तूला गुंडाळलेल्या रेघांना नाही. `3D Location` केलं, मिटलं. वाईट वाटलं ते एवढ्याचं की याच्या आधी मी मागच्या रेघा हाताने पुसत बसले होते.

13 जानेवारी

आज पूर्ण चक्कर चालवून एका मित्राला दाखवली, कॅमेऱ्याचं काम त्याने करून दिलंय. त्याने दोनदा बघितलं आणि म्हणाला, "अगं, पोचा छान चिकटलाय, पण ही बाहेरची कड बघ, घसरत घसरत पोटावर आली."

आली खरंच. पहिल्या फ्रेमला किटलीच्या डाव्या-उजव्या कडेवर काढलेली रेघ शेवटच्या फ्रेमला, एका बाजूची पोटाच्या मध्याच्या दिशेने सरकलेली, दुसऱ्या बाजूची मागे जाऊन गायब, आणि जिथे आता खरी कड आहे तिथे रेघच नाही. मला आधी वाटलं परत चिकटण्याचा काहीतरी घोळ आहे. नाही. रेघ अगदी जागच्या जागी आहे, कड हलली.

हे मला आधीच कळायला हवं होतं, इतकं साधं आहे. किटलीचा पोचा, झाकणाची फट, तोटीचा सांधा या गोष्टी किटलीच्या आहेत, किटलीवर त्यांची एक पक्की जागा आहे. बाहेरची कड किटलीची नसतेच, ती किटली आणि बघणारा यांच्यामधली गोष्ट आहे. पृष्ठभाग आपल्यापासून वळून जिथे दिसेनासा होतो ती रेषा, बघणारा हलला की ती पण पृष्ठभागावरून सरकते. तिला जागेवर खिळा ठोकता येत नाही.

किती सरकते ते कागदावर काढून बघितलं. पोटाची त्रिज्या 9 सेंटिमीटर, कॅमेरा लांब आहे असं धरायचं. कॅमेरा ज्या अंशाने फिरला त्याच्या कोसाइनने 9 ला गुणायचं, तेवढ्या अंतरावर जुनी रेघ दिसते. 10 अंशाला 8.86, म्हणजे कडेपासून जेमतेम 1.4 मिलिमीटर आत, माझी रेघच 4 मिलिमीटर जाड आहे त्यामुळे कोणाला कळणारही नाही. 30 अंशाला 7.8, म्हणजे 1.2 सेंटिमीटर आत, स्पष्ट दिसतं. 60 अंशाला 4.5, रेघ निम्म्या वाटेवर. म्हणून फ्रेम 15 पर्यंत सगळं छान दिसत होतं आणि मी टेस्ट नेहमी सुरुवातीच्याच फ्रेम बघून थांबत होते.

यातून एक उपयोगी गोष्ट निघाली. कॅमेरा आठ-दहा अंशांपेक्षा कमी हलणार असेल तर कड पण बिनधास्त हाताने काढा. आमची साठ आहे.

एक उपाय म्हणजे कड दर दोन फ्रेमला नव्याने काढायची, 48 वेळा, किटलीच्या दोन्ही बाजू, हँडल, तोटी. मी तीन वेळा काढली आणि विचार बदलला.

14 जानेवारी

कड लाइन आर्टला दिली. `Shift A` मधून Grease Pencil खाली Object Line Art, किटली निवडलेली असताना. हा मॉडिफायर सीनच्या कॅमेऱ्यातून बघून मेशच्या कडा दर फ्रेमला मोजतो आणि त्यांच्या रेघा बनवतो. त्यातलं Contour तेवढं चालू ठेवलं, Crease आणि Intersections बंद, कारण त्या जागा मी हाताने काढल्यात. जाडी मुळात 25 असते, वरच्या हिशोबाने अडीच सेंटिमीटर, ती 4 केली. हँडल वेगळं ऑब्जेक्ट केलंय हे विसरले होते, त्यामुळे हँडलला कडच नव्हती, मग किटलीचे सगळे तुकडे एका कलेक्शनमध्ये टाकून सोर्स कलेक्शन केला.

लाइन आर्टचं ऑब्जेक्ट In Front चालू करूनच येतं, म्हणजे सगळ्यांच्या वर दिसतं. मी ते सवयीने बंद करायला गेले, पण इथे त्याने काही बिघडत नाही, झाकलेल्या कडा मॉडिफायर बनवतच नाही. बिघडतं ते फक्त वाफेच्या बाबतीत, वाफ किटलीच्या पुढे आली तरी कड तिच्या वरून जाते. कॅमेऱ्याच्या चकरेत तोटी कायम बाजूला असल्यामुळे वाफ किटलीवरून जात नाही, सोडून दिलं.

दिसायला मात्र मशीनची रेघ ती मशीनची. एकसारखी जाडी, कुठे दाब नाही, माझ्या पोच्याच्या रेघेशेजारी रबरी स्टॅम्प मारल्यासारखी. खाली नॉइज मॉडिफायर लावला, थोडं पोझिशन, जास्त थिकनेस, आणि Random मध्ये Step 4, म्हणजे दर चार फ्रेमला हलेल. अडचण अशी की लाइन आर्टची रेघ दर फ्रेमला नवीन बनते, तिची सुरुवात-शेवट कुठे येईल ते ठरलेलं नाही, त्यामुळे चार फ्रेम स्थिर राहायच्या ऐवजी मधेच उडी मारते. पोझिशन जवळपास शून्यावर आणलं आणि फक्त जाडी हलती ठेवली, तेव्हा उड्या डोळ्याला खटकेनाशा झाल्या. मग समतोल साधायला हाताच्या रेघांना पण तोच नॉइज, तेवढाच Step. आता दोन्ही एकाच हाताच्या वाटतात, निदान चालू व्हिडिओत. फ्रेम थांबवून बघू नका.

16 जानेवारी

वाफ. वाफेला चिकटायला पृष्ठभाग नाही आणि तिला पक्की कड पण नाही, म्हणून ती तिसऱ्याच प्रकारची.

वेगळं ग्रीस पेन्सिल ऑब्जेक्ट, ओरिजिन बरोबर तोटीच्या तोंडाशी. Stroke Placement परत `Origin`, आणि Drawing Plane `Front`, म्हणजे कागद ऑब्जेक्टच्या एक्स-झेड प्रतलात उभा. पहिल्या दिवशी ज्या सपाट पडद्याने रडवलं तोच आता मुद्दाम हवाय. सहा चित्रं काढली, प्रत्येक चार फ्रेम टिकतं, म्हणजे 24 फ्रेमचं आवर्तन. टाइम ऑफसेट मॉडिफायरमध्ये कस्टम रेंज 1 ते 24 दिली आणि Keep Loop चालू, शॉट संपेपर्यंत आपोआप फिरतं.

इथे एक घोळ. ऑटो कीफ्रेम बंद होतं. फ्रेम 5 वर गेले, दुसरं चित्र काढलं, 9 वर तिसरं, आणि प्ले केलं तर पहिल्याच फ्रेमला तिन्ही वाफा एकावर एक. त्या फ्रेमला की नसेल आणि ऑटो की बंद असेल तर रेघ आधीच्या कीच्या चित्रातच जाते. नवीन चित्र काढतोय असं वाटतं पण आपण जुन्यावरच गिरवत असतो. टाइमलाइनवर हिऱ्यासारखी खूण आली की नाही एवढं बघायचं, आली नसेल तर थांबायचं.

मग कॅमेरा. कागद सपाट असल्यामुळे साठ अंशाला वाफ निम्म्या रुंदीची दिसते, पुठ्ठा वळवल्यासारखी. ऑब्जेक्टला लॉक्ड ट्रॅक कन्स्ट्रेंट लावला, टार्गेट कॅमेरा, Track Axis `-Y`, Locked Axis `Z`. पुढून काढलेल्या चित्राचं तोंड उणे वाय दिशेला असतं म्हणून `-Y`. झेड लॉक असल्यामुळे वाफ उभ्या अक्षाभोवतीच वळते, कॅमेरा थोडा वरून बघत असला तरी मागे कलत नाही. ट्रॅक टू लावून बघितलं होतं, त्यात वाफ कॅमेऱ्याला नमस्कार करते.

18 जानेवारी

रंग. वाफेला शुद्ध पांढरा दिला होता, रेंडरमध्ये मळका राखाडी आला. दोन कारणं एकावर एक. एक, ग्रीस पेन्सिल सीनच्या लाइटने उजळते-काळवंडते, लेयरमध्ये Lights ची खूण काढली की रंग दिला तसा राहतो. दुसरं, कलर मॅनेजमेंटमध्ये व्ह्यू ट्रान्सफॉर्म मुळात AgX असतो, तो पांढऱ्याला दाबतो. `Standard` केला. सपाट रंगाच्या कामात तेच बरं, फक्त टेबलावरचा लाइट त्याने भाजल्यासारखा झाला, तो कमी करावा लागला.

आणखी एक, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. टेबल जरा चकचकीत ठेवलं होतं, त्यात किटलीचं प्रतिबिंब पडतं, आणि त्या प्रतिबिंबात एकही रेघ नाही. नुसती टकली किटली. ग्रीस पेन्सिल वेगळी रेंडर होऊन खोलीच्या हिशोबाने चित्रावर बसवली जाते, बाकी सीनला ती तिथे आहे हे ठाऊकच नसतं, त्यामुळे आरशात दिसत नाही आणि सावली पण पडत नाही. टेबलाची रफनेस 0.8 केली, प्रतिबिंबच घालवलं. खोटी उलटी किटली टेबलाखाली ठेवायचा विचार आला होता, तो आला तसा जाऊ दिला.

19 जानेवारी

96 फ्रेम रेंडर झाल्या. फ्रेम 58 ते 63 मध्ये झाकणाच्या मुठीजवळ माझी एक रेघ कडेच्या रेघेला समांतर येते आणि दोन्ही मिळून जाड ठिपका दिसतो. ती रेघ त्या मुठीच्या गोलाईवर होती, सांध्यावर नाही, म्हणजे कडच होती आणि मी पोचा समजून काढली होती. काढून टाकली, त्या सहा फ्रेम परत रेंडरला लावल्यात.